बाबांच्या ठेवी: नॉमिनीचा अर्ज वेगळा, वारसांचा वेगळा

*बाबा 12 नोव्हेंबर 2025 ला गेले. आम्ही दांडिया बाजारात राहतो, त्यांची खाती रावपुऱ्यातल्या एका सरकारी बँकेत आहेत. तीन-तीन लाखांच्या दोन एफडींवर मी नॉमिनी आहे. चार लाखांची तिसरी एफडी (मुदत 5 जानेवारीला संपली) आणि बचत खात्यातले 1 लाख 42 हजार, यांवर नॉमिनी नाही. मृत्युपत्र केलेलं नाही. मागे आई, मी, पुण्याचा भाऊ आणि बाबांची आई, वय 86. काउंटरवरचे म्हणतात, सगळ्यासाठी कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट आणा. कव्हरिंग लेटर कसं लिहू? नॉमिनी मी आहे म्हणजे ते सहा लाख माझेच ना? आणि बाबांच्या कार्डावर एटीएममधून क्रियाकर्मासाठी 20 हजार काढले होते, ते लिहावं का? — एक मुलगी, वडोदरा*

ताई, एक पत्र नको, दोन लिहा. सगळ्या ठेवींची यादी एकाच अर्जात दिली की क्लार्क त्यातल्या सगळ्यात अवघड ठेवीची कागदपत्रं सगळ्यांना लावतो. तुमच्या बाबतीत बहुतेक हेच झालंय. नॉमिनी असलेल्या दोन एफडींना वारसांचा एकही कागद लागत नाही, आणि नॉमिनी नसलेल्या रकमेलाही, ती पाच-साडेपाच लाखांची असल्यामुळे, कोर्टात जायची गरज नाही.

आधार रिझर्व्ह बँकेच्या 26 सप्टेंबर 2025 च्या निर्देशांचा आहे. मृत ग्राहकांच्या दाव्यांबद्दलचे हे निर्देश बँकांनी उशिरात उशिरा 31 मार्च 2026 पर्यंत लागू करायचे, असं त्यात म्हटलंय. नॉमिनी असेल तर रक्कम कितीही असो, सक्सेशन सर्टिफिकेट, प्रोबेट, इंडेम्निटी बाँड किंवा जामीन मागता येत नाही. दाव्याचा फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीच्या ओळखीचा-पत्त्याचा पुरावा एवढंच लागतं. नॉमिनी नसेल तर व्यापारी बँकेत 15 लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत सोपी पद्धत आहे. बँकेला स्वतःहून ही मर्यादा वाढवता येते. तुमची बँक सरकारी, म्हणजे मर्यादा किमान 15 लाख. हीच रक्कम सहकारी बँकेत असती तर 5 लाखांची रेघ ओलांडली असती आणि काउंटरवरचा माणूस अगदीच चुकीचा ठरला नसता.

पत्र लिहिण्याआधी एक काम करा. तिसऱ्या एफडीवर नॉमिनी खरोखर नाही ना, हे लेखी विचारा. प्रत्येक ठेवीचं नामनिर्देशन स्वतंत्र असतं, बचत खात्याचं एफडीला लागत नाही. पण जुनी एफडी पुन्हा पुन्हा रिन्यू होत आली असेल तर पहिल्या वेळी भरलेला नॉमिनेशनचा फॉर्म शाखेच्या रजिस्टरमध्ये असू शकतो, आणि संगणकात माहिती चढवताना तो सुटलेला असू शकतो. बाबांच्या जुन्या पावत्या काढून बघा. एखादीवर ‘नॉमिनेशन रजिस्टर्ड’ असा शिक्का दिसला तर त्याची झेरॉक्स जोडून "कृपया मूळ नोंद तपासावी" एवढं दोन ओळींचं पत्र द्या. नोंद सापडली तर अर्ध्याहून जास्त कटकट तिथेच मिटते.

आता पहिलं पत्र, तुमच्या एकटीच्या सहीचं. इंग्रजी, हिंदी किंवा गुजरातीत लिहा. रावपुऱ्याच्या शाखेत मराठी वाचणारा अधिकारी निघेलही, पण फाइल वर गेली की तिथे असेलच असं नाही. मजकूर असा:

> प्रति, शाखा व्यवस्थापक, (बँक व शाखा)
>
> विषय: कै. (बँकेच्या नोंदीतलं पूर्ण नाव), ग्राहक क्रमांक (…), यांच्या दोन मुदत ठेवींची नॉमिनी या नात्याने मागणी
>
> महोदय,
>
> माझे वडील वरील खातेदार दि. 12-11-2025 रोजी वडोदरा येथे मृत्यू पावले. मृत्यू दाखला क्र. (…) सोबत आहे. त्यांच्या मुदत ठेव क्र. (…) व क्र. (…), प्रत्येकी मुद्दल रु. 3,00,000, यांवर माझं नामनिर्देशन नोंदलेलं आहे.
>
> दोन्ही ठेवी ठेवीदाराच्या मृत्यूमुळे मुदतीपूर्वी, दंड न आकारता बंद करून व्याजासह रक्कम माझ्या खाते क्र. (…), आयएफएससी (…) यात जमा करावी. व्याजाचा हिशेब लेखी द्यावा.
>
> ही रक्कम मी मृताच्या कायदेशीर वारसांची विश्वस्त म्हणून स्वीकारत आहे, याची मला जाणीव आहे. माझ्या माहितीप्रमाणे ही रक्कम देण्यास कोणत्याही न्यायालयाची मनाई नाही.
>
> हा दावा नामनिर्देशनावर आधारित असल्याने रिझर्व्ह बँकेच्या दि. 26-09-2025 च्या निर्देशांनुसार यासाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा इंडेम्निटी बाँड लागत नाही. आणखी कागद हवा असल्यास तो कोणता व कोणत्या नियमाखाली, हे लेखी कळवावं.
>
> सोबत: दाव्याचा फॉर्म, मृत्यू दाखल्याची प्रत (मूळ दाखवलं), माझं आधार व पॅन, दोन्ही मूळ ठेव पावत्या, माझा रद्द केलेला चेक.

या पत्रात आईचं, भावाचं, आजीचं नाव घालू नका. घातलं की लगेच "मग त्यांची एनओसी आणा" सुरू होतं. इथे त्याची गरज नाही.

‘दंड न आकारता’ हे शब्द मुद्दाम आहेत. ठेवीदार गेल्यावर एफडी मोडली तर बँकेने दंड लावायचा नसतो. मात्र व्याज मूळ मुदतीचं मिळत नाही, ठेव जितके दिवस प्रत्यक्ष राहिली तितक्या मुदतीच्या दराने मिळतं. समजा एफडी तीन वर्षांसाठी 7 टक्क्यांनी होती, ती एक वर्ष चालली आणि ठेवली त्या दिवशी एका वर्षाचा दर 6.5 टक्के होता, तर 6.5 टक्के मिळतील. काउंटरवर नेहमीसारखी ‘मुदतपूर्व बंद’ म्हणून नोंद झाली तर आणखी एक टक्का कापला जाऊ शकतो, म्हणजे तीन लाखांवर वर्षाला तीन हजार. हिशेबाच्या कागदावर दर 5.5 दिसला तर समजायचं की दंड लागलाय. मुदत संपायला थोडेच महिने उरले असतील तर मोडूही नका. पत्रातलं ते वाक्य बदलून "मुदतीअखेर रक्कम मला द्यावी" असं लिहा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. सहा लाख तुमच्या हातात येतील, पण तुमच्या एकटीचे नाहीत. नॉमिनीला रक्कम दिली की बँक मोकळी होते, मालकी मात्र वारसा कायद्याने ठरते. बँक ठेवींबाबत हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये रामचंदर तलवार यांच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. मृत्युपत्र नसलेल्या हिंदू पुरुषाच्या स्वकमाईत पत्नी, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. तुमच्या घरात हे चार वाटे झाले: आई, तुम्ही, भाऊ, आजी. सहा लाखांचे प्रत्येकी दीड लाख, व्याज वेगळं. बाकीच्यांनी "तूच ठेव" म्हटलं तर हरकत नाही, पण ते त्यांनी म्हणायचं, आणि साध्या कागदावर का होईना लिहून ठेवायचं.

वर आजीचं नाव आलं ते वाचून चमकला असाल, तर तिथेच दुसऱ्या पत्राची खरी मेख आहे. घरोघरी आणि बँकेतही ‘वारस’ म्हणजे बायको-मुलं असं धरून चालतात. मुलाच्या मागे आई हयात असेल तर ती पहिल्या वर्गाची वारस असते, हे कुणाच्या लक्षात येत नाही. (उलट बाई गेली तर वाटा नवरा-मुलांना, तिच्या सासूला तिथे काही नाही.) गुजरातेत बँका वारसांसाठी पेढीनामुं मागतात, आणि पेढीनामुं मृत व्यक्तीपासून खाली उतरत जातं: बाबा, त्यांची पत्नी, मुलगा, मुलगी. आजी बाबांच्या वर असल्यामुळे ती त्या झाडात बहुधा येतच नाही. मग पेढीनाम्यात तीन नावं, तुमच्या अर्जात चार, आणि अधिकारी म्हणतो कागद जुळत नाहीत. हे बघून लोक अर्जातूनच आजीला वगळतात. तसं करू नका. इंडेम्निटी बाँडवर सही करणारा माणूस "आणखी वारस नाहीत" असं लिहून देतो, आणि इथे ते धडधडीत खोटं ठरेल. तलाठ्याकडे अर्ज करतानाच सोबतच्या सोगंदनाम्यात, म्हणजे प्रतिज्ञापत्रात, "मृताची आई हयात आहे" हे वाक्य घाला आणि पेढीनाम्यात तिची नोंद करायला सांगा. नाहीच केली तर दुसरा मार्ग आहे. वारस दाखल्याऐवजी, कुटुंबाला चांगलं ओळखणाऱ्या पण नात्यात नसलेल्या आणि बँकेला मान्य असलेल्या एका माणसाचं वारसांबद्दलचं निवेदनही चालतं. वर्षानुवर्षांचे शेजारी किंवा घरचे डॉक्टर असे कुणी निवडा आणि त्यात चारही नावं येऊ द्या.

रक्कम कोणी घ्यायची हेही आधी ठरवा. चौघांनी मिळून दावा केला तर बाँडवर चौघांच्या सह्या लागतात आणि एकाची सही नोंदीशी जुळली नाही की सगळं अडतं. आईने एकटीने दावा करायचा आणि बाकी तिघांनी ना-हरकत द्यायची, हे सोपं पडतं. ना-हरकतीचा छापील फॉर्म मात्र वाचून घ्या. "ही रक्कम अमुक यांना देण्यास हरकत नाही" हे एक, आणि "माझा हक्क कायमचा सोडला" हे दुसरं. पैसे आईच्या खात्यात येऊन मग वाटायचे असतील तर दुसऱ्या प्रकारच्या वाक्यावर सही करण्याआधी भावाने आणि तुम्ही आपसात लिहून ठेवा.

दुसरं पत्र आईच्या सहीचं:

> विषय: कै. (…) यांचे बचत खाते क्र. (…) व मुदत ठेव क्र. (…), नामनिर्देशन नसलेल्या रकमेची कायदेशीर वारस या नात्याने मागणी
>
> महोदय,
>
> माझे पती दि. 12-11-2025 रोजी मृत्युपत्र न करता मृत्यू पावले. त्यांचे कायदेशीर वारस पुढील चार, यांखेरीज कोणी नाही: (1) मी, पत्नी, वय (…); (2) मुलगी, वय (…), वडोदरा; (3) मुलगा, वय (…), पुणे; (4) मृताची आई, वय 86, वडोदरा. सर्व सज्ञान आहेत. वारसांत वाद नाही.
>
> बचत खात्यात आज रु. 1,42,000 असून मुदत ठेवीची मुद्दल रु. 4,00,000 आहे. एकूण रक्कम व्याजासह रु. 15 लाखांच्या आत असल्याने सोप्या पद्धतीने दावा निकाली काढावा. वारस क्र. 2, 3 व 4 यांनी रक्कम मला देण्यास ना-हरकत दिली आहे.
>
> मृत्यूनंतर दि. (…) रोजी एटीएमद्वारे रु. 20,000 काढून अंत्यविधीसाठी खर्च केले. हे सर्व वारसांच्या माहितीने व संमतीने झालं. त्यानंतर कार्ड वापरलेलं नाही. ते सोबत परत करत आहे.
>
> मुदत ठेवीवर दि. 05-01-2026 पर्यंत कराराच्या दराने व त्यानंतर रक्कम देईपर्यंत बँकेच्या धोरणानुसार लागू दराने सरळ व्याज द्यावं.
>
> वारस क्र. 4 वयोमानामुळे शाखेत येऊ शकत नाहीत. ना-हरकतीवर त्यांचा अंगठा घेण्यासाठी अधिकाऱ्यास घरी पाठवावं.
>
> सोबत: दाव्याचा फॉर्म, मृत्यू दाखला, चौघांचे ओळखपुरावे, इंडेम्निटी बाँड, तीन ना-हरकत पत्रं, पेढीनामुं किंवा त्रयस्थाचं निवेदन, मूळ ठेव पावती, पासबुक, उरलेले चेक, एटीएम कार्ड.

वीस हजारांचं यात उघड लिहिलंय ते यासाठी, की खात्याचा उतारा काढला की मृत्यूच्या तारखेनंतरचा व्यवहार अधिकाऱ्याला पहिल्याच नजरेत दिसतो. तुम्ही सांगितलं नाही तर तो विचारणार, तुम्ही उत्तर देणार, आणि तोवर फाइल खाली पडून. नॉमिनी नसलेल्या खात्यातला तो पैसा चौघांचा होता, म्हणून चौघांची संमती लिहायची. खर्चाच्या पावत्या असतील तर घरी जपून ठेवा. बाबांना पेन्शन असेल तर मृत्यूनंतरच्या काळाची चुकून जमा झालेली रक्कम आहे का, तेही उताऱ्यात बघा. ती परत जाणारच, 1 लाख 42 हजारांत धरू नका.

व्याजाची ओळही सहज घातलेली नाही. मुदत मृत्यूनंतर संपली असेल तर मुदतीपर्यंत ठरलेला दर आणि पुढे रक्कम मिळेपर्यंत बँकेच्या धोरणात ठरलेल्या दराने व्याज मिळायचं असतं. तो दर समजा नुसता 2.5 टक्के धरला, तरी चार लाखांवर तीन महिन्यांचे अडीच हजार होतात. मागितलं नाही तर कधी कधी 5 जानेवारीचीच रक्कम हातात पडते. एफडीवर आपोआप रिन्यू करण्याची सूचना असेल तर ती 5 जानेवारीला पुढे गेलेली असू शकते. तसं असेल तर वरची ओळ काढा आणि नव्या पावतीचा क्रमांक घाला.

इंडेम्निटी बाँड बँकेच्या नमुन्यातच हवा. गुजरातेत कागदी स्टँपपेपर 2019 पासून बंद आहेत, ई-स्टँपिंग किंवा फ्रँकिंग करावं लागतं. किती रुपयांचं आणि कोणाच्या नावे, हे बँकेला विचारून मगच करा. तयार नमुन्याचा बाँड कोर्टाबाहेरून करून आणलेला असेल तर तो हमखास परत येतो. जामीनदार मात्र मर्यादेच्या आत मागायचा नाही, तेव्हा "ओळखीचा खातेदार आणा" म्हटलं तर नियम लेखी मागा. भावाने पुण्यात त्याच बँकेच्या शाखेत जाऊन ना-हरकतीवर सही करावी आणि तिथल्या अधिकाऱ्याचा शिक्का, नाव, कर्मचारी क्रमांक घ्यावा. त्यासाठी वडोदऱ्याला यायचं कारण नाही.

सगळ्यात जास्त अर्ज परत येतात ते नावावरून, आणि वडोदऱ्याच्या मराठी घरांत तर ते ठरलेलंच. बँकेत माधव, पॅनवर माधवराव, आणि दवाखान्याच्या नोंदीवरून तयार झालेल्या मृत्यू दाखल्यावर माधवभाई. आडनाव एका ठिकाणी आधी, एका ठिकाणी शेवटी. दाखला हातात आला की बँकेच्या पासबुकाशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. दाखल्यातच चूक असेल तर महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात दुरुस्ती करून घ्या, कारण तोच दाखला पुढे विमा, घर, गॅस सगळीकडे लागणार आहे. फरक फक्त ‘राव’ किंवा ‘भाई’चा असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं सोगंदनामं पुरतं. पत्राच्या विषयात मात्र बँकेच्या नोंदीतलंच नाव, आणि पहिल्या परिच्छेदात "मृत्यू दाखल्यात यांचं नाव अमुक असं आहे" एवढी एक ओळ. तुमचं लग्नानंतर आडनाव बदललं असेल आणि नॉमिनेशन माहेरच्या नावाने असेल तर तुमचं पॅन कामी येतं, बहुतेक पॅनवर वडिलांचं नाव छापलेलं असतं. नाहीतर विवाहाचा दाखला जोडा.

मूळ पावत्यांच्या मागे सही करताना एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टँप लावून त्यावर आडवी सही करा, आणि देण्याआधी दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा.

दोन्ही पत्रं दोन-दोन प्रतींत न्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या, आणि ‘सोबत’ची यादी त्याच पानावर येईल असं बघा. ती दुसऱ्या पानावर गेली तर शिक्का पहिल्या पानावर बसतो आणि कागद दिल्याचा पुरावा उरत नाही. बँकेचे 15 दिवस सगळे कागद मिळाल्यापासून मोजले जातात, म्हणून या यादीला किंमत आहे. बँकेच्या चुकीमुळे उशीर झाला तर ठेवीच्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक रेट’पेक्षा किमान 4 टक्के जास्त दराने भरपाई देणं बँकेवर बंधनकारक आहे. सोळाव्या दिवशी तोंडी चौकशी न करता "दि. अमुकला सर्व कागद दिले, मुदत संपली, उशिराचं कारण व भरपाई लेखी कळवावी" असं तीन ओळींचं पत्र द्या, तेही शिक्का घेऊनच. बँकेच्या तक्रार विभागाकडून 30 दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करता येते. त्यासाठी फी नाही, वकील लागत नाही, आणि तिथे चढवायचं ते शिक्का मारलेलं तेच पान.

पहिलं पत्र आजच देता येईल, दुसऱ्याच्या कागदांसाठी त्याला थांबवू नका.